समितीत एकाला मराठी कळत नाही, एकाला इंग्रजी जमत नाही. बोलायचं कशात?

नेरुळ_सेक्टरवाला:
आमची नेरुळमधली जुनी सोसायटी. गच्चीच्या गळतीसाठी सात जणांची दुरुस्ती समिती केलीय. पाच जणांना मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं चालतं. एक तमिळ ताई आहेत, पेशाने सिव्हिल इंजिनियर. इंग्रजी उत्तम, हिंदी बेताची, मराठी जेमतेम. आणि एक काका आहेत, बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासूनचे सभासद. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण चर्चेत तोंड उघडत नाही. इंग्रजी सुरू झालं की काका गप्प, मराठीवर आलो की ताई गप्प. गेल्या बैठकीत स्वस्त कोटेशनमध्ये जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, फोडणं धरलेलंच नाही यावरून वाद झाला, तो सगळा मराठीत. शेवटी ताईंना विचारलं, 'ओके ना?' त्या 'ओके' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोब्याचं कळल्यावर म्हणाल्या, माहीत असतं तर मी कधीच हो म्हटलं नसतं. कोणीही बाजूला न पडता बोलायचं कसं?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
यात अवघड काय आहे? एकालाही मराठी येत नसेल तर इंग्रजीतच बोलायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आमच्या टीममध्ये ओडिया, तेलुगू, पंजाबी सगळे आहेत. जेवायला बसलो की चार मराठी माणसं मराठीत सुरू होतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. मला ते पाहवत नाही. काकांना इंग्रजी वाचता येतं म्हणजे कळत असणारच, थोडी सवय झाली की बोलतीलही.

मी_ठाणेकर:
काकांनी ह्या वयात सवय करायची आणि ताईंनी इथे राहून मराठीची सवय करायची नाही, हे कुठलं गणित? मला ताईंबद्दल राग नाही. पण दर वेळी वाकायचं ते आपणच, हे खटकतं. घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत पन्नाशीच्या पुढची मंडळी हल्ली सभेला येतच नाहीत, कारण सगळं इंग्रजीत चालतं. ती मंडळी वगळली गेली, त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. मराठीत बोला, ताईंना नंतर कोणीतरी समजावून सांगा.

श्रावणीची_आई:
आमच्याकडेही हाच घोळ आहे. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, आजीशी अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं इंग्रजीत बोलते. आजी म्हणते, मला काही कळत नाही. घरात फक्त मराठीच बोलायचं असा नियम करावा का?

दुभाषी_कळवा:
श्रावणीची आई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मुलीला दोन्ही भाषा येतात, सवयीचा भाग आहे. इथे सातही जणांना नीट येते अशी एकही भाषा नाही, त्यामुळे 'एकच भाषा ठरवा' हा सल्ला कोणाला ना कोणाला बाहेर काढणारच.

मी बरीच वर्षं जनसुनावण्या आणि संस्थांच्या बैठकांमध्ये दुभाष्याचं काम केलंय, त्यावरून सांगते. आधी बघा, तुम्ही इंग्रजी सोडून मराठीवर नेमके कधी येता. बैठक इंग्रजीत सुरू होते, नमस्कार-चमत्कार इंग्रजीत होतात. आवाज चढला, कोणी विनोद केला किंवा पैशांचा विषय निघाला की मराठी सुरू. म्हणजे ज्या क्षणी निर्णय घडत असतो, त्याच क्षणी ताई बाहेर असतात. मग शेवटी इंग्रजीत 'ओके ना?' विचारलं जातं. तोपर्यंत सहा जणांचं ठरलेलं असतं. सहा चेहरे आपल्याकडे बघत असताना 'थांबा, पुन्हा सांगा' म्हणायला फार धीर लागतो. त्या 'ओके'चा अर्थ फक्त एवढाच की माझ्यामुळे बैठक लांबू नये.

मी असं करते. प्रत्येकाने आपल्याला ज्या भाषेत वाद घालता येतो त्या भाषेत बोलायचं. काका मराठीत, ताई इंग्रजीत. बाकी पाच जणांना दोन्ही कळतं, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्यातल्या एकाने दर मुद्द्यानंतर दोन-तीन वाक्यांत गोषवारा सांगायचा. मराठीत झालेलं इंग्रजीत, इंग्रजीत झालेलं मराठीत. तोही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शेजारी बसून कानात कुजबुजायचं नाही. कुजबुजीत ऐकणारा नेहमी एक मुद्दा मागे राहतो आणि त्याचा आक्षेप तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शिवाय कुजबुजणाऱ्याने काय गाळलं ते कोणालाच कळत नाही. मोठ्याने सांगितलं की काका लगेच म्हणतात, 'मी असं म्हटलं नव्हतं.'

तुमच्याच बैठकीचं बघा. काका म्हणतात, 'ह्याने कोबा फोडायचे पैसे धरलेच नाहीत, नुसतं वरून केमिकल मारणार.' इथेच थांबायचं आणि सांगायचं की स्वस्त कोटेशनमध्ये जुना कोबा तसाच राहणार, काकांना ते पटत नाही. मग पहिला प्रश्न ताईंना: इंजिनियर म्हणून हे चालेल का? शेवटी नाही, आधी. त्यांचं उत्तर मराठीत काकांपर्यंत पोचवायचं. मला तर वाटतं, ताई आणि काका एकाच बाजूचे होते आणि भाषेमुळे दोघांनाही ते कळलं नाही.

नेरुळ_सेक्टरवाला:
अगदी बरोबर! काकाही कोबा फोडायच्याच बाजूचे होते. दोघे मिळून बोलले असते तर निकाल वेगळा लागला असता.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
पण यात बैठक दुप्पट लांबेल. कामावरून आलेल्या माणसांना रात्री साडेनऊला एवढा वेळ असतो का?

दुभाषी_कळवा:
वाक्यावाक्याला भाषांतर केलं तर जवळपास दुप्पट होते, खरं आहे. म्हणून गोषवारा, आणि तोही मुद्दा संपल्यावर. कोटेशनचे आकडे आदल्या दिवशी कागदावर दिलेत तर आणखी वेळ वाचतो. आकडे अंकांतच लिहा. आपण सहज 'पावणेसात' आणि 'सव्वाचार' म्हणतो, नवशिक्याच्या कानाला त्यातले सात आणि चारच ऐकू येतात. 6,75,000 लिहिलं की प्रश्न मिटला.

याला मर्यादाही आहेत. सात-आठ जणांत हे जमतं. वार्षिक सभेला साठ माणसं जमली आणि तीन जण एकदम बोलायला लागले की गोषवारा सांगणाऱ्याला कोणी ऐकत नाही. शिवाय जो गोषवारा सांगतो त्याला स्वतःचं मत मांडता येत नाही, त्याचं लक्ष दुसऱ्यांच्या शब्दांत असतं. म्हणून दर विषयाला माणूस बदला.

मी_ठाणेकर:
पद्धत पटली. काका मराठीत बोलणार असतील तर माझा निम्मा आक्षेप गेला. पण निम्मा आहेच. अशी सोय कायम मिळत राहिली तर ताई मराठी शिकतील कशाला?

दुभाषी_कळवा:
सांगलीजवळच्या कुपवाडचं उदाहरण देते. गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांचा तिथल्या भाषांवरचा लेख 1971 साली प्रसिद्ध झाला. तिथे जैन कुटुंबांची घरची भाषा कन्नड, मुसलमानांची उर्दू, इतर काहींची मराठी. शतकानुशतकं शेजारी राहूनही कोणी आपली घरची भाषा सोडली नव्हती. चारचौघांत सगळ्यांनी एकच भाषा बोलायची, असा हट्ट न धरताही गाव चाललं.

मी_ठाणेकर:
आणि निरनिराळ्या घरांतली माणसं एकमेकांशी बोलायची ती मराठीत, हेही त्याच लेखात आहे ना? मग तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं झालं!

दुभाषी_कळवा:
हो, आहे, आणि मुद्दा मान्य. पण ती मराठी सगळ्यांना आधीपासून येत होती आणि तिथे कोणाचंच घर तिच्यामुळे वरचढ ठरत नव्हतं. नेरुळच्या ताईंना ती यायला वेळ लागेल. कोब्याचा निर्णय त्याआधी घ्यावा लागणार आहे.

कोट्टयम_ते_वाशी:
मी मल्याळी आहे, लग्नानंतर वाशीला आले. इथे लिहिते ती मराठी माझ्या शेजारणींनी शिकवली. मी त्या ताईंच्या जागी होते, म्हणून सांगते.

मी खोलीत शिरले की सगळ्या एकदम इंग्रजीत बोलायला लागायच्या. त्यांच्या मनात चांगलंच असायचं, पण गप्पा तिथेच आटायच्या आणि मला वाटायचं, माझ्यामुळे मजा गेली. मी धीर करून मराठीत काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं. कोणी माझ्याशी मराठी बोललंच नाही तर मी शिकणार कशी? शेवटी एका काकूंनी सरळ विचारलं, 'तुला किती कळतं?' मी म्हटलं, सावकाश बोललात तर बरंचसं कळतं, बोलता येत नाही. त्या दिवसापासून त्या मराठीत बोलायच्या आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. हळूहळू उत्तरं मराठीत यायला लागली.

म्हणून आधी ताईंना विचारा, आणि एकटं असताना विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर त्या 'चालेल, चालेल' म्हणतील. गप्पा मराठीत झालेल्या त्यांना आवडतीलही. पैसे आणि काम यांच्या बाबतीत मात्र इंग्रजीत सांगाच.

एक गोष्ट कोणालाच नीट जमत नाही, ती म्हणजे हसू. सगळे हसले आणि आपण दोन सेकंदांनी हसलो की फार एकटं वाटतं. विनोद समजावून सांगितला तरी तो विनोद राहत नाही. मला अजून यावर उपाय सापडलेला नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्हीही त्या ओडिया मुलाला मराठीत बोलू देत नाही, तो सुरू झाला की लगेच इंग्रजीवर उडी मारतो. तरी हिंदीचं काय? काकांना येते, ताईंना बेताची का होईना येते. दोघांचीही नाही, म्हणजे बरोबरीची.

मी_ठाणेकर:
हिंदी नको. नेरुळात दोन माणसांनी मराठी टाळायला तिसरी भाषा आणायची, हे मला कधीच पटणार नाही.

दुभाषी_कळवा:
माझी अडचण वेगळी आहे. बाजारात भाव करण्यापुरती हिंदी आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची यावर भांडण्याची हिंदी यांत खूप अंतर असतं. ज्या भाषेत 'नाही' म्हणून दोन कारणं देता येत नाहीत, ती बैठकीत कामाची नाही. पण ताईंनी स्वतः हिंदी मागितली तर देऊन बघावी.

नेरुळ_सेक्टरवाला:
ताईंशी जिन्यात बोललो. त्यांनी हिंदी नको म्हटलं. म्हणाल्या, मराठीत बोला, फक्त आकडे लिहून द्या आणि मत घेण्याआधी थांबा. काकांना गोषवाऱ्याचं सांगितलं तर ते म्हणाले, गोषवारा मीच करतो की मराठीतला! रविवारी कोटेशन पुन्हा उघडतोय. पण हे नीट चाललंय की नाही, ते ओळखायचं कसं? 'ओके' तर त्या पुन्हाही म्हणतील.

दुभाषी_कळवा:
त्या 'ओके' किती वेळा म्हणतात ते मोजू नका. कोणी न विचारता त्या मध्येच बोलतात का, तेवढं बघा. कोणाचं वाक्य तोडून 'एक मिनिट' म्हणाल्या तर त्या चर्चेत आहेत. फक्त विचारल्यावरच बोलत असतील तर गोषवारा अजून उशिरा येतोय असं समजा आणि मुद्दे आणखी लहान तोडा. काकांनाही हीच कसोटी लावा.

मी_ठाणेकर:
आणि बैठकीचा वृत्तांत मराठीत लिहा. ताईंना इंग्रजी प्रत द्या, पण मूळ मराठीत असू द्या.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
उद्या वाद झाला तर सही कोणत्या प्रतीवर? ताईंनी वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायची का? दोन्ही प्रतींवर सगळ्यांच्या सह्या घ्या.