भारतात 249 रुपये, अमेरिकेत 12 डॉलर: परदेशातून चालणारी खाती बंद करावीत का?

तालमाला: आमचं तबला शिकवणारं अ‍ॅप आहे. महिन्याला अमेरिकेत 12 डॉलर, भारतात 249 रुपये. भारतीय दराची 400 खाती आहेत, त्यातली 30 कित्येक महिने परदेशातूनच चालतात. बंद करावीत का?

रेवती_न: करा. आयपी भारताबाहेरचा दिसला की खातं थांबवा. पूर्ण दर भरणाऱ्यांवर अन्याय होतोय.

सदाशिवपेठी: मुळात 249 का? 12 डॉलरचे हजाराच्या वर रुपये होतात. भारतीयांनाही तेवढेच लावा, प्रश्नच मिटला.

खातेवही: हजार लावले तर 400 मधले किती उरतील? जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशोबाने डॉलरमागे साधारण 20 रुपये धरतात. 12 डॉलरचे 240 होतात, म्हणजे दर ठीकच आहे.

रेवतीताई, आयपीवरून नेट कुठून येतंय तेवढंच कळतं. ऑफिसच्या व्हीपीएनमुळे हिंजवडीतला माणूस टेक्सासमध्ये दिसतो. म्हणून देश पैशावरून ठरवावा. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा-आठ आकड्यांवरून बँकेचा देश कळतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातही देश बदलायला त्याच देशातलं पैसे भरायचं साधन लागतं. पण तुमच्या तिसांत घरची माणसं इथूनच यूपीआयने भरत असतील, तर हीही चाळणी उपयोगाची नाही.

सुमनताई_सातारा: मी त्यातलीच असेन. खातं माझं, पैसे माझ्या पेन्शनमधून जातात. नातू न्यू जर्सीत शिकतो, मी इथे त्याच्यासोबत ठेका धरते. ही चोरी कशी?

रेवती_न: आजी, चोरी नाही म्हणत. पण शिकणारा अमेरिकेत असेल तर दर तिथलाच हवा. नाहीतर एका वेळी एकच फोन चालू द्या.

खातेवही: इथे तो नियम फारसा उपयोगाचा नाही. साताऱ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदली रात्र असते. दोघं एकाच खात्यावर शिकतील, पण बहुतेक वेळा एकमेकांना आडवे जाणार नाहीत.

आता पैसे बघा. तीस खात्यांचे महिन्याला 7,470 रुपये येतात, म्हणजे साधारण 80 ते 90 डॉलर. ती बंद केली आणि दहा जणांनी 12 डॉलर भरले तर 120 येतील. सहाच जणांनी भरले तर 72, म्हणजे तोटा, वर सुमनताईंसारखी माणसं दुखावणार. मी खाती बंद करणार नाही. सलग तीन महिने फक्त परदेशातून वापर दिसला तर आधी कळवीन आणि पुढच्या नूतनीकरणापासून तिथला दर लावीन. महिना-दोन महिने मुलाकडे राहून येणारे त्यात सापडणार नाहीत.

रेवती_न: आणि दर तीन महिन्यांनी इथे एकदा उघडून नियम चुकवणारे?

तालमाला: तसे निदान चार दिसतात. त्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. सुमनताई, तुम्ही दोघं एकाच वेळी बसता की वेगवेगळे?

सुमनताई_सातारा: रविवारी एकत्र बसतो. एरवी तो एकटाच.