प्रशिक्षणाचा जादा खर्च प्रवासाच्या हेडमध्ये टाकावा का?

नवखी_अकाउंटंट: संस्थेला एका प्रकल्पासाठी 12 लाखांचं अनुदान आहे. मंजूर हेड असे: कर्मचारी मानधन 4 लाख 80 हजार, प्रशिक्षण 3 लाख, प्रवास दीड लाख, साहित्य दीड लाख, प्रशासकीय 1 लाख 20 हजार. प्रशिक्षणावर 3 लाख 52 हजार गेले, प्रवासावर 98 हजारच. बाकी हेड तंतोतंत जुळतात. कराराप्रमाणे एखाद्या हेडमध्ये मंजूर रकमेच्या 10 टक्के वाढ विनापरवानगी चालते, म्हणजे 30 हजार. वरचे 22 हजार अडकले. समन्वयक म्हणतात, प्रशिक्षकांच्या येण्याजाण्याचे 26 हजार प्रवासात टाक, विषय संपला. मुदत संपायला तीन आठवडे आहेत. हे चालतं, की ही लपवाछपवी झाली?

फिल्डवाला: समन्वयकांचं बरोबर आहे. 12 लाख आले, 12 लाख ठरलेल्या कामावर गेले, कोणी खिशात घातले नाहीत. प्रशिक्षक रेल्वेने आला तर तो प्रवासच की! देणगीदाराला प्रशिक्षणं झाली का आणि पैसा संपला का, एवढंच बघायचं असतं. उगाच घाबरू नका.

सुहास_म: प्रवासाचे 52 हजार उरले आहेत तर ते परत करा ना. शिल्लक रक्कम परत करावी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे.

नवखी_अकाउंटंट: सुहासदादा, बँकेत काहीच उरलेलं नाही. प्रवासात वाचलेले 52 हजारच प्रशिक्षणात गेलेत.

खतावणी: फिल्डवाले, पैसा कामावर गेला हे मान्य. पण देणगीदाराने 12 लाख एकगठ्ठा मंजूर केलेले नाहीत, हेडनिहाय केलेत, आणि 10 टक्क्यांचं कलम त्याचसाठी घातलंय. रेल्वेचं तिकीट म्हणजे प्रवास, हे आपण ठरवायचं नसतं. करारासोबत बजेटच्या टिपा असतात, त्यात प्रत्येक हेडखाली काय धरलंय ते लिहिलेलं असतं. प्रशिक्षणासमोर ‘प्रशिक्षक मानधन, हॉल, जेवण, प्रशिक्षकांचा प्रवास’ असं असेल तर ते 26 हजार जिथे आहेत तिथेच राहतील. आणि प्रवासासमोर ‘कर्मचारी व प्रशिक्षकांचा प्रवास’ असेल तर आजवर ते चुकीच्या हेडला पडले होते. मग हलवणं ही दुरुस्ती आहे, लपवाछपवी नाही. नवखीताई, टिपा उघडा आणि सांगा. शिवाय सहामाही अहवालात हा खर्च कुठे दाखवला होता, तेही बघा.

नवखी_अकाउंटंट: बघितलं. प्रवासासमोर लिहिलंय, ‘प्रकल्पाशी संबंधित सर्व व्यक्तींचा प्रवास’. प्रशिक्षणासमोर मानधन, हॉल, जेवण, छपाई. सहामाहीत मात्र प्रशिक्षकांची तिकिटं प्रशिक्षणातच दाखवली होती.

फिल्डवाला: झालं तर मग! 26 हजार तिकडे गेले की प्रशिक्षण 3 लाख 26 हजार, 9 टक्क्यांच्या आत. प्रवास 1 लाख 24 हजार. मिटलं.

खतावणी: हेडचा प्रश्न मिटला, कागदांचा नाही. ते 26 हजार कोणत्या व्हाउचरवर आहेत?

नवखी_अकाउंटंट: 18 हजारांची तिकिटं आणि टॅक्सीच्या पावत्या वेगळ्या लावलेल्या आहेत. उरलेले 8 हजार दोन व्हाउचरमध्ये आहेत. त्यावर एवढंच आहे: ‘प्रशिक्षक मानधन व प्रवासखर्च, दोन दिवस’, एकच आकडा आणि सही. त्यात प्रवासाचे किती, हे समन्वयकांनी तोंडी सांगितलं.

खतावणी: मग तोंडी सांगितलेले 8 हजार हलवू नका. 18 हजार हलवले तर प्रशिक्षण 3 लाख 34 हजारांवर येतं, मर्यादा 3 लाख 30. म्हणजे 22 हजारांची अडचण 4 हजारांवर आली. हे 4 हजार संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून घाला आणि अहवालात तसं लिहा. मात्र आणखी एक गोष्ट करारात तपासा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ठोक रकमेत आहे की एकूण मान्य खर्चाच्या 10 टक्के? टक्क्यांत असेल तर 4 हजार अमान्य झाल्यावर तीही खाली येते. बाकीचे हेड 10 लाख 76 हजार, ते एकूण मान्य खर्चाचे 90 टक्के, म्हणून प्रशासकीय त्याचा नववा भाग, 1 लाख 19 हजार 556. म्हणजे प्रशासकीयमधले आणखी 444 तुमच्या अंगावर. किरकोळ आहे, पण ऑडिटर नेमकं तेच काढतो.

दोन_देणगीदार: आमच्याकडचं सांगते. आधीच्या हिशेबनीसाने असंच हेड बदललं, पण फक्त एक्सेलच्या अहवालात. लेजर जसंच्या तसं. देणगीदाराच्या ऑडिटरने हेडनिहाय लेजर मागितलं तेव्हा अहवाल एक सांगतो, वह्या दुसरं. त्यात ती तिकिटं दुसऱ्या देणगीदाराच्या अहवालातही निघाली, कारण व्हाउचरवर कोणत्या अनुदानातून खर्च टाकला याचा शिक्काच नव्हता. हेड चुकल्याचं एकवेळ समजून घेतलं, पण एकच तिकीट दोघांना दाखवल्यावर ऐकून घेईना कोणी. सगळे अहवाल पुन्हा मागवले.

खतावणी: म्हणूनच आधी जर्नल एंट्री. आजच्या तारखेची, प्रशिक्षण जमा, प्रवास नावे, आणि नॅरेशनमध्ये मूळ व्हाउचरचे नंबर. जुन्या नोंदी खोडायच्या नाहीत. अहवाल त्यानंतर लेजरमधूनच काढायचा. सहामाहीत दाखवलेला आकडा बदलतोय, तर अंतिम अहवालात त्याखाली दोन ओळींचं स्पष्टीकरण द्या. ते दिसलं नाही तर वाचणारा दोन अहवाल शेजारी ठेवून तुम्हालाच विचारेल.

माधवी_ऑडिट: माझं मत वेगळं आहे. तीन आठवडे हातात असताना स्वतःच्या निधीतून का भरायचं? आजच देणगीदाराला मेल करा: प्रवासात बचत झाली, प्रशिक्षणात 3 लाख 34 हजारांपर्यंत वाढ मंजूर करावी. मुदतीत मागितलेली वाढ बहुतेक देतात, मुदत उलटल्यावर मागितली तर अवघड. आणि त्याच मेलमध्ये तिकिटांची दुरुस्ती सांगून टाका, म्हणजे नंतर ती शोधून काढल्यासारखी वाटणार नाही.

फिल्डवाला: 4 हजारांसाठी मेल? मग ते बाकीचेही बारा प्रश्न विचारतात. मी प्रशिक्षकांना फोन करून त्या 8 हजारांची फोड लिहून घेतली असती. माणसं खरी आहेत, खर्च खरा आहे.

माधवी_ऑडिट: फोड लिहून घ्यायला हरकत नाही, पण तारीख आजची हवी आणि ‘त्या व्हाउचरबाबत खुलासा’ असं स्पष्ट हवं. त्या दिवसाच्या तारखेची नवी पावती बनवलीत तर खरा खर्चही खोटा ठरतो.

खतावणी: आजच्या तारखेच्या खुलाशावरही मी हलवणार नाही. तिकीट नाही, अंतर नाही, दर नाही. फक्त प्रशिक्षकाचा शब्द.

माधवी_ऑडिट: छोट्या रकमेला स्वयंघोषणा चालते असं कित्येक संस्थांच्या प्रवास-नियमांतच असतं. यांच्या नियमात असेल तर का नाही?

खतावणी: नियम खर्चाच्या वेळी होता आणि तेव्हा घोषणा घेतली असती तर चाललं असतं. अहवालाच्या तोंडावर, नेमकी मर्यादा ओलांडली तेवढ्यासाठीच घेतलेली घोषणा मला पटत नाही.

नवखी_अकाउंटंट: आमच्या प्रवास-नियमात स्वयंघोषणा आहे, पण फक्त कर्मचाऱ्यांसाठी. प्रशिक्षकांचा उल्लेख नाही. 18 हजारांची जर्नल एंट्री आज टाकते आणि मेलचा मसुदा समन्वयकांना दाखवते. प्रशासकीय मर्यादा टक्क्यांतच निघाली, खतावणीदादा.