शब्दचर्चा: ‘उणे 56 वॅट शोषते’ हे वाचायचं कसं?

शिकवणीवाली ताई: नागपुरात डिप्लोमाच्या पोरांना सर्किट शिकवते, मराठीतूनच. ‘पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन’ला ‘निष्क्रिय चिन्हसंकेत’ म्हटलं की पोरं गप्प बसतात, म्हणून इंग्रजी नावच ठेवलं. अडचण पुढे आहे. एका गणितात सोर्सची पॉवर उणे 56 वॅट आली. एकानं लिहिलं ‘उणे 56 वॅट पुरवतो’, दुसऱ्यानं ‘उणे 56 वॅट शोषतो’, तिसऱ्यानं ‘56 वॅट पुरवतो’. कोणाचं बरोबर धरू?

इतवारीचा: ताई, एवढा विचार कशाला? सोर्स असला की पुरवतो, रेझिस्टर असला की शोषतो. चिन्ह पाहायची गरजच नाही.

लॅबवाले काका: रेझिस्टरचं खरं आहे, सोर्सचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरीच घ्या. लाइन गेली की ती पुरवते, आली की चार्ज होताना घेते. वस्तू तीच, प्लस टोकही तेच, फक्त करंटची दिशा फिरली. म्हणून नावावरून ठरवू नये, टोकावरून ठरवावं.

ताईंचा आकडा येईल असंच सर्किट घेऊ. चार्जर 14 व्होल्टचा, बॅटरी 12 व्होल्टची, दोघांचे प्लस एकमेकांकडे आणि मध्ये अर्धा ओहम. फरक 2 व्होल्टचा, म्हणजे करंट 4 अँपिअर. चार्जरच्या प्लसमधून निघतो आणि बॅटरीच्या प्लसमध्ये शिरतो. पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शनचा नियम एकच आहे: करंटचा बाण ज्या वस्तूच्या प्लसमध्ये शिरतो तिथे p = v × i, प्लसमधून निघत असेल तिथे p = −v × i. उत्तर अधिक आलं तर वस्तू शोषते, उणे आलं तर पुरवते.

बॅटरीत बाण प्लसमध्ये शिरतो, म्हणून 12 × 4 = 48 वॅट, शोषते. अर्ध्या ओहममध्ये 2 × 4 = 8 वॅट, तोही शोषतो. चार्जरमध्ये बाण प्लसमधून निघतो, म्हणून −14 × 4 = −56, म्हणजे पुरवतो. 48, 8 आणि −56 यांची बेरीज शून्य.

आता तुमची तीन पोरं. दुसरा आणि तिसरा दोघंही बरोबर. पहिला चुकला, कारण उणे चिन्हात ‘पुरवणं’ आधीच आलेलं आहे. वर पुन्हा ‘पुरवतो’ लिहिलं की अर्थ उलटा होऊन चार्जरच घेतो असं ठरतं. मी तिसऱ्यासारखं लिहायला लावीन.

फर्स्ट इयर: काका, परीक्षेत बाण कोणत्या बाजूला काढायचा हेच कळत नाही. उलटा काढला तर सगळं गेलं ना?

लॅबवाले काका: काही जात नाही बेटा. वरच्याच सर्किटमध्ये उलटा काढून पाहा. आता i = −4 येईल. बॅटरीच्या प्लसमधून बाण निघतो, म्हणून p = −12 × (−4) = 48. तेच उत्तर. घोटाळा होतो तो बाण फिरवून सूत्र जुनंच ठेवलं की. मग बॅटरीला −48 आणि चार्जरला +56 येतं, म्हणजे चार्ज होणारी बॅटरीच चार्जरला पॉवर देते असं निघतं.

आणि बेरीज शून्य आली म्हणून निर्धास्त राहू नको. सगळ्यांचंच चिन्ह उलटं झालं तरी बेरीज शून्यच येते. त्यासाठी रेझिस्टरकडे पाहायचं. त्याची पॉवर उणे आली तर चूक आपल्या कागदावर आहे. रेझिस्टरच्या प्लसमधून बाण निघत असेल तर ओहमचा नियमही v = −iR असाच लिहावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

मानेवाड्याहून: माझ्या छतावर सोलर आहे. दुपारी मेनच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावला तर 6 अँपिअर दिसतात. वीज घरात येते की बाहेर जाते? म्हणजे घर शोषतं की पुरवतं?

लॅबवाले काका: साध्या एसी क्लॅम्पवरून ते कळणार नाही. तो फक्त करंटचा आकडा दाखवतो. एसीत करंट दर सेकंदाला 50 वेळा पूर्ण चक्र फिरतो. दिशा कळायला त्याच क्षणाचं व्होल्टेज सोबत लागतं. नेट मीटर दोन्ही मोजतो, म्हणून आयात आणि निर्यात वेगळी दाखवू शकतो.

मशीनवाला: काका, तुमचा नियम मोटरला ठीक. आम्ही जनरेटर शिकवतो तेव्हा बाहेर निघणारा करंट अधिक धरतो आणि अधिक पॉवर म्हणजे पुरवलेली. मग ‘अधिक म्हणजे शोषते’ हे पोरांना सगळीकडे कसं सांगायचं?

लॅबवाले काका: सगळीकडे सांगायचंच नाही. तुमच्या आकृतीत बाण प्लसमधून निघतो आणि तुम्ही उणे न लावता v × i घेता, म्हणून अर्थ उलटतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एका आकृतीत एकच.

शिकवणीवाली ताई: मी आता आकृतीखाली आधीच लिहायला लावते: ‘अधिक म्हणजे शोषते’. पण ‘शोषते’ शब्द मला अजून खुपतो. रेझिस्टरमधली ऊर्जा उष्णता होऊन जाते, बॅटरीतली साठते, आणि आपण दोन्हीला शोषणंच म्हणतो. ‘घेते’ म्हणू का?

इतवारीचा: ‘घेते’च बरं. आमच्या दुकानातही बॅटरी चार्ज ‘घेते’ असंच म्हणतात.

मशीनवाला: ‘घेते’ म्हटलं की पोरं करंट घेते असं समजतात. मी तरी ‘शोषते’च ठेवीन.