'फॅक्टरिंग'ला काय म्हणावं? उधारी विकणं, बिल वटवणं की आणखी काही?

रेघोटी
छोट्या उद्योजकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात फॅक्टरिंगवर एक प्रकरण आहे. माल दिला, बिल दिलं, पैसे साठ दिवसांनी येणार. तोवर थांबणं परवडत नाही म्हणून ते न आलेलं बिलच एखाद्या वित्तसंस्थेला विकायचं आणि रोकड उचलायची, असा तो व्यवहार. मी झोकात 'उधारीविक्री' लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्याचा अर्थ 'माल उधारीवर विकणं' असा होतोय, म्हणजे नेमका आधीचा टप्पा! दुसरा शब्द सुचवा.

चौकस
अवयव पाडणे. शाळेत हाच शब्द होता.

रेघोटी
तो बीजगणितातला, चौकस. इथे पडला तर धंद्याचा अवयव पडेल. :)

पानगळ
'बिल वटवणे' सरळ, सोपा शब्द आहे की. हुंडी वटवतात, चेक वटवतात, तसंच हे. आणि जी रक्कम कापतात तिला 'बट्टा'. फॅक्टर हा शब्द फॅक्टरीवरून आला, म्हणजे मुळात कारखानदारांसाठीची सोय.

खतावणी
पानगळ, फॅक्टरीचं नातं आहे, पण उलटं. फॅक्टर आधीचा, फॅक्टरी त्याच्यावरून. मूळ लॅटिन धातू 'करणे' या अर्थाचा; फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा. तो जिथे बसायचा ती फॅक्टरी. म्हणून तर इंग्रजांच्या फॅक्टरीला आपण वखार म्हणतो, कारखाना नाही. हा माणूस दूरच्या मालकाचा माल ताब्यात घ्यायचा, विकायचा, मालकाला आगाऊ उचल द्यायचा आणि कधी कधी गिऱ्हाईक पैसे देईल याची हमीही घ्यायचा. आपल्याकडच्या अडत्याच्या फार जवळचा. पुढे माल हाताळणं सुटलं. उचल, वसुली आणि हमी एवढंच उरलं.

आता 'वटवणं'. हुंडी वटवली की बट्टा कापून उरलेली रक्कम एकदम हातात पडते. फॅक्टरिंगमध्ये तसं होत नाही. समजा बिल 1,00,000 चं आहे. फॅक्टर आज 80,000 उचल देतो आणि 20,000 राखून ठेवतो. गिऱ्हाईक पैसे भरतं ते फॅक्टरच्या खात्यात. मग फॅक्टर आपला आकार कापून बाकी परत करतो. शिवाय तगादा लावणं, कोणाचं किती आलं याची वही ठेवणं हेही बहुधा तोच करतो. 'वटवणं' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. खर्च तर नक्कीच झाकला जातो.

रेघोटी
खर्च कसा झाकला जातो? पुस्तिकेत 'दोन टक्के' लिहिलंय. 'दोन टक्के बट्टा' असं भाषांतर केलंय मी.

खतावणी
ते दोन टक्के कशावर आणि किती दिवसांचे, हे मूळ वाक्यात बघा. पुष्कळ करारांत आकार 'दर तीस दिवसांना किंवा त्याच्या भागाला' असतो, आणि तो उचलीवर नाही, पूर्ण बिलावर. वरच्याच बिलाचे पैसे बरोबर साठाव्या दिवशी आले तर तिसाचे दोन टप्पे, म्हणजे 4,000. राखीव 20,000 पैकी 16,000 परत मिळतात. पण हातात वापरायला होते 80,000. त्यावर 4,000 म्हणजे साठ दिवसांत पाच टक्के, सरळ हिशोबाने वर्षाला सुमारे 30.

आता गिऱ्हाइकाने एकच दिवस उशीर केला, एकसष्टाव्या दिवशी पैसे भरले, तर तिसरा टप्पा लागतो आणि आकार 6,000 होतो. वार्षिक हिशोब 45 च्या घरात जातो. 'बट्टा' या शब्दातून वाचकाला वाटेल की रक्कम आजच ठरली. ती ठरते गिऱ्हाईक पैसे भरेल त्या दिवशी. म्हणून मी 'आकार' म्हणेन.

काही ठिकाणी आकार वेगळा आणि उचलीवर दिवसागणिक व्याज वेगळं, अशीही पद्धत असते. तिथे एका दिवसाने उडी बसत नाही. त्यामुळे दोन करारांची तुलना टक्क्यांवरून करू नये; दोघांनाही साठ आणि नव्वद दिवसांचा आकडा विचारावा.

पानगळ
हे म्हणजे सावकारीच झाली! मग त्याला 'बिलावर कर्ज' म्हणा, प्रामाणिकपणे.

खतावणी
कर्ज की विक्री, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बिल बुडालं तर भार कोणावर, यावर आहे. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत आणि फॅक्टर तुमच्याकडे उचल परत मागू शकत असेल, तर नाव विक्रीचं असलं तरी व्यवहार कर्जासारखाच वागतो. तो मागू शकत नसेल तर ती खरी विक्री. मग त्या जोखमीचा आकारही जास्त असतो. मी याला 'परतहक्कासह' आणि 'परतहक्काविना' म्हणतो. छान शब्द नाहीत, पण अर्थ कळतो.

दोनघोट
शब्दांचं मला कळत नाही, पण 'परतहक्काविना' वाचून राहवलं नाही. आमचा करार अगदी तसाच होता. गिऱ्हाइकाने माल खराब आहे म्हणून बिल अडवलं. आम्ही निवांत, कारण बिल तर विकलं होतं! महिनाभरात फॅक्टरचं पत्र: उचल परत करा. करार काढून वाचला तर त्यांनी फक्त गिऱ्हाइकाचं दिवाळं निघण्याची जोखीम घेतली होती. मालाबद्दल तक्रार असेल तर भार आमच्यावर. राखीव रक्कम अडकली ती वेगळीच.

खतावणी
दोनघोट, बहुतेक करार असेच असतात. फॅक्टर गिऱ्हाइकाची ऐपत विकत घेतो, तुमच्या मालाचा दर्जा नाही. रेघोटी, पुस्तिकेत 'परतहक्काविना' आलं की लगेच 'गिऱ्हाइकाची नादारी एवढ्यापुरतं' असं आहे का ते पाहा. नसेल तर मूळ लेखकालाच विचारा.

चौकस
मी आधी चुकलो, पण आता कामाचं विचारतो. आमच्या एका पुरवठादाराकडून पत्र आलंय की यापुढे बिलाचे पैसे अमुक संस्थेच्या खात्यात भरा. म्हणजे तो बुडाला का?

खतावणी
तसं नाही. चांगल्या चालणाऱ्या धंद्यालाही मोठं गिऱ्हाईक उशिरा पैसे देतं म्हणून हे करावं लागतं. पण ते पत्र खरं आहे का, ते पुरवठादाराच्या तुमच्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. पत्रातल्या नंबरवर नको. खरं असेल तर जुन्या खात्यात पैसे भरू नका. अशी सूचना मिळाल्यावर पुरवठादाराला दिलेले पैसे धरले जात नाहीत, पुन्हा भरायची पाळी येऊ शकते.

रेघोटी
व्यवहाराला 'येणी-विक्री', टक्क्यांना 'आकार', आगाऊ रकमेला 'उचल' असं लिहिते. फॅक्टरला 'अडत्या' लिहावं का?

पानगळ
नको! वाचकाच्या डोळ्यांसमोर धान्याची पोती येतील.

खतावणी
येऊ देत की. मूळचा तोच माणूस आहे.

पानगळ
आणि परतहक्कासह असेल तेव्हाही 'येणी-विक्री'च? मग तुम्हीच वर म्हणालात ते काय झालं?

रेघोटी
हो, तिथे अडलंय खरं. प्रकरणाचं शीर्षक तूर्त 'फॅक्टरिंग' असंच ठेवते.