वांध्याची कपात आपोआप मागितली, तर ‘प्रॉडक्टची दिशा’ ऐकवली!

खळेवाला_पिंपळगाव
पाच वर्षं एकाच कंपनीचं, शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब छापून देणारं पट्टीचं सॉफ्टवेअर वापरतोय, वर्षाचे पैसे वेळेवर भरतो. खळ्यावर कांदा खाली करताना वांधा निघाला, म्हणजे माल खराब म्हणून पैसे कापायची वेळ आली, की पट्टी रद्द करून पुन्हा करावी लागते. म्हणून सांगितलं, गाडी नंबर टाकला की मागच्या वेळच्या वांध्यावरून कपात आपोआप पडू द्या, वेगळे साठ हजार देतो. उत्तर आलं, हे आमच्या प्रॉडक्टच्या दिशेत बसत नाही. पैसे देणाऱ्याची दिशा कोणी बघायची? नाशिकच्या सॉफ्टवेअरवाल्यांना धंदाच करायचा नाहीये.

सातपूर_कोडवाला
शेवटचं वाक्य वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. मी त्या कंपनीचा नाही, पण व्यापाऱ्यांसाठी असंच सॉफ्टवेअर विकतो. सहा माणसं, नव्वदेक ग्राहक. आणि तुमच्यासारख्याला ‘हो’ म्हणायची चूक मी करून बसलोय, म्हणून ऐका.

२०१४ मध्ये एका व्यापाऱ्याने त्याची घट काढायची पद्धत मागितली. गाडीच्या वजनातून आधी घट, उरलेल्या वजनावर अडत, मग हमाली-तोलाई. त्याच्यासाठी सॉफ्टवेअरची वेगळी कॉपी काढली. बारा दिवसांचं काम, चाळीस हजार मिळाले, ऑफिसात पेढे वाटले. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याबरोबर कांदा नियमनमुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. बाकी सगळ्यांचं अपडेट एका दिवसात तयार, कारण त्यांची अडत एकाच जागी मोजली जात होती. याच्या कॉपीत ती घटीच्या हिशोबात शिरलेली. अडतीची ओळ काढली की घट चुकायची, घट नीट केली की तोलाई. नऊ दिवस गेले. त्या गोंधळात लिलाव बंद होते म्हणून आमची अब्रू वाचली. चार महिन्यांनी नोटबंदी. पट्टीवर चेक नंबर, बँक खातं छापायचं. परत सगळं काम दोनदा. चाळीस हजार कुठे विरघळले, कळलंही नाही. तुमच्या साठ हजारांत फक्त ते बनवायचा खर्च निघतो. पुढे दर अपडेटला ते तपासायचं, त्याचं बिल कोणाला लावायचं?

आणि तुम्ही मागितलं ते काम तर माझ्या त्या घटीपेक्षा वाईट आहे. घट निदान आजच्या गाडीची होती. तुम्ही आजच्या कांद्याला मागच्या वेळची शिक्षा मागताय. पट्टीवरचा भाव लिलावाच्या चिठ्ठीशी जुळला नाही आणि शेतकरी बाजार समितीत गेला, तर तुम्ही म्हणणार ‘सॉफ्टवेअरने कापलं’. तेव्हा उभं कोणाला करतील?

ग्राहकराजा_कॉलेजरोड
एवढं रामायण कशाला? सगळं सेटिंगमध्ये टाका. ज्याला हवं तो चालू करेल, नको तो बंद ठेवेल. वेगळी कॉपी काढणं हीच तुमची मूळ चूक. बँकेच्या ॲपमध्ये नाही का पन्नास बटणं असतात?

सातपूर_कोडवाला
वेगळी कॉपी ही चूक, मान्य. कपातीचे प्रकार सेटिंगमध्ये असावेत, हेही मान्य, माझ्याकडे आहेत. पण हिशोब बदलणारी दहा बटणं ठेवली तर चालू-बंदच्या जोड्या होतात १,०२४. पट्टी चुकली म्हणून फोन आला की आधी अर्धा तास ‘तुमचं कुठलं बटण चालू आहे’ यातच जातो. बँकेकडे तपासायला माणसं आहेत. माझ्याकडे मी आणि एक पोरगा, तोही सोमवारी सुट्टीवर.

निफाडचा_कांदेवाला
मी शेतकरी आहे, सॉफ्टवेअरमधलं कळत नाही. पण गाडी नंबरवरून कपात? अहो, पिकअप भाड्याची असते! काल तिच्यात कोणाचा सडका कांदा आला असेल, आज माझा आहे. त्याचा वांधा माझ्या पट्टीत? साठ हजार देऊन कोणी असलं मागतं हे वाचूनच डोकं फिरलं.

आणि मुळात वांधा हाच प्रकार काय आहे? लिलावात ट्रॉलीवर चढता, कांदा हातात घेऊन दाबून बघता, बोली लावता. खळ्यावर आल्यावरच तुम्हाला सडकी खाद कशी दिसते?

मुनीम_३०वर्षे
दिसते, कारण वरचा थर निवडलेला असतो आणि तळाशी बारीक गोल्टी, खाद आणि माती. तीस वर्षं खळ्यावर उभा आहे, मला सांगू नका. पावसात भिजलेला उन्हाळ कांदा चाळीतून काढून तसाच आणणारे कमी आहेत का?

निफाडचा_कांदेवाला
आणि भाव पडला त्या दिवशीच जास्त वांधे निघतात, हेही तीस वर्षांत बघितलंच असेल ना? सकाळी अठराशेला घेतलेली गाडी, दुपारी बाजार सोळाशे झाला की लगेच तळाला खाद. शिवाय वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर, ट्रॉली हायड्रोलिकने खाली, तरी पट्टीत हमाली आणि तोलाई. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच कपातीवरून जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. नुकसान कोणाचं झालं? कांदा माझ्या दारात पडून होता.

मुनीम_३०वर्षे
हमालाचं पोट कोण भरणार मग? सॉफ्टवेअर?

निफाडचा_कांदेवाला
ज्याने कांदा विकत घेतला त्याने भरावं. तुमच्या मालकाला सांगा.

मुनीम_३०वर्षे
मालकापर्यंत जाऊ नका. नाहीतर तुमच्या गावच्या कोणकोणत्या ट्रॉलीत काय काय निघालं, ते मी इथे सांगायला लागलो तर अवघड होईल.

द्राक्षपेटी_दिंडोरी
दोघंही थांबा जरा. मी माझं सांगते. आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. प्रत्येक पेटीच्या लेबलवर प्लॉटचा नंबर आपोआप यावा, असं आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं होतं. ‘ताई, रोडमॅपमध्ये आहे.’ पुढच्या सीझनला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तीन सीझन दोन मुली हाताने नंबर लिहीत बसल्या. त्याने पहिल्याच वर्षी सरळ ‘होणार नाही’ म्हटलं असतं, तर मी तेव्हाच वेगळा लेबल प्रिंटर घेतला असता. शेवटी घेतलाच. खळेवाले भाऊ, तुम्हाला निदान ‘नाही’ तरी मिळालं.

खळेवाला_पिंपळगाव
ते ‘नाही’ कसं मिळालं तेही बघा ताई. हा त्यांचा मेल, जसाच्या तसा:

‘आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. ग्राहकांच्या अभिप्रायाला आम्ही अत्यंत महत्त्व देतो. आमच्या टीमने चर्चा केली असून सदर सुविधा सध्या आमच्या प्रॉडक्टच्या दिशेशी सुसंगत नाही. भविष्यात याचा विचार केला जाईल. तोपर्यंत कृपया उपलब्ध सुविधांचा वापर करावा.’

कोडवाले साहेब, घ्या आता बाजू.

सातपूर_कोडवाला
नाही घेत. मेल भिकार आहे. ‘सध्या’ आणि ‘भविष्यात’ लिहिलं म्हणजे ताईंना तीन सीझन बसवलं तसंच तुम्हाला बसवणार. दिशेशी जुळत नाही म्हणतात, पण दिशा कुठली ते सांगत नाहीत. आणि उपलब्ध सुविधा कोणत्या? सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्हाला हे का हवं आहे, हे त्यांनी विचारलेलंच दिसत नाही. मी विचारतो. दिवसाला गाड्या किती आणि वांधे किती?

खळेवाला_पिंपळगाव
सीझनला साठ-सत्तर गाड्या, त्यात आठ-दहा वांधे. प्रत्येक पट्टी रद्द करायची, नवा नंबर घ्यायचा, परत छापायची, दहा मिनिटं जातात. तोवर मागे शेतकऱ्यांची रांग आणि आरडाओरड. मला कोणाला शिक्षा करायची हौस नाही हो, मला संध्याकाळी वेळेत घरी जायचंय.

सातपूर_कोडवाला
मग तुमचं दुखणं पट्टी रद्द करण्याचं आहे, कपात आपोआप पडण्याचं नाहीच. एकाच पट्टीवर दोन ओळी टाका. समजा गाडी २२ क्विंटल, लिलावाचा भाव १,८००. खाली करताना ३ क्विंटल खाद निघाली, ती दोघांच्या संमतीने ठरली १,१०० ने. पहिली ओळ १९ क्विंटलची, ३४,२०० रुपये. दुसरी ३ क्विंटलची, ३,३०० रुपये. एकूण ३७,५००. लिलावाचा भाव पहिल्या ओळीत जसाच्या तसा आणि २,१०० कशामुळे कमी झाले ते शेतकऱ्याला कागदावर दिसतं. एका गाडीला दोन ओळी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नक्की येत असतील, गोल्टी वेगळी लावतात तशाच. फक्त छापण्याआधी मुनीमजींनी गाडी खाली होऊ द्यायची.

यात अडचणही आहे. खाद वेगळी तोलली तरच हे चालतं. तुम्ही अंदाजाने ‘सगळ्या गाडीला शंभर कमी’ करत असाल तर चालणार नाही. तिथे वांधा नावाची वेगळी ओळ, रक्कम हाताने आणि शेतकऱ्याची सही. मागच्या वांध्यांची यादी हवी असेल तर शेतकऱ्याच्या नावाने एक्सेलमध्ये काढा, बोली लावणाऱ्याच्या खिशात द्या. बघायला. कापायला नाही.

त्यांनी एवढंच लिहायला हवं होतं:

‘भाऊ, वांध्याची कपात आपोआप पाडायचं काम आम्ही करणार नाही, जादा पैसे घेऊनही नाही. पट्टीवरचा भाव लिलावाशी जुळावा आणि कमी केलेला प्रत्येक रुपया माणसाने टाकलेला दिसावा, यंदा आमचं सगळं काम याच बाजूने चाललंय. तुमची पट्टी दोनदा करायची कटकट दोन ओळींनी जाईल, पण खाद वेगळी तोलावी लागेल. शनिवारी येऊन मुनीमजींसमोर पाच गाड्या करून दाखवतो. तरी भागलं नाही तर तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून देतो, दुसरीकडे न्या.’

ग्राहकराजा_कॉलेजरोड
शेवटचं वाक्य कोणता व्यापारी लिहील? ग्राहकाला दार दाखवताय तुम्ही.

सातपूर_कोडवाला
दार दिसलं की माणूस शांत बसतो, असा माझा अनुभव आहे. दोघं गेलेही, खोटं कशाला बोलू. त्यातला एक मोठा होता. अजून टोचतं.

निफाडचा_कांदेवाला
दोन ओळींचं बरं आहे. निदान किती कापलं ते तरी कळेल. वांधाच बंद व्हावा हे माझं म्हणणं मात्र कायम.

खळेवाला_पिंपळगाव
वा, फुकटात सल्ला मिळाला, साठ हजार वाचले, आता नाशिकच्या सॉफ्टवेअरवाल्यांची आरती करतो. आज तीन गाड्यांना करून बघितलं. पट्टी एकदाच झाली, हे कबूल. पण खाद वेगळी तोलायची म्हटल्यावर हमाल गाडीमागे तीस रुपये जादा मागतोय. ते कोणाच्या पट्टीत टाकू?

निफाडचा_कांदेवाला
माझ्या टाकून तर बघा.