प्रतिसाद: नोटीस आणि मृत्यू, दोन्हींच्या तारखा पाहा

> 'बाबा ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. आता त्यांच्याच नावे मार्च २०२५ ची आयकर कायद्याच्या कलम १४८ ची नोटीस आलीये. त्यांच्या लॉगिनमधून रिटर्न भरून टाकू का?'

नका भरू, निदान आधी तरी नाही. जुन्या उत्पन्नाचा कर पुन्हा तपासण्याची ही नोटीस मृत्यूनंतर निघालीये, आणि मृताच्या नावे काढलेली अशी नोटीस वैध नसते असं गुजरात उच्च न्यायालयाने म्हटलंय. आपण वडोदऱ्याचे, त्यामुळे तो निकाल इथे लागू होतो. पण हरकत न घेता रिटर्न भरलंत, तर वारसाने कार्यवाही मान्य केली असं आयकर खातं म्हणू शकतं.

आधी आयकर पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून Authorised Partners मध्ये Register as Representative Assessee निवडा. मृत्यूचा दाखला, बाबांचं पॅन, वारसाचा पुरावा आणि हमीपत्र लागतं. पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, गुजरातीत असेल तर नोटरी केलेला इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद जोडा.

मंजुरी आली की उत्तरात पहिलंच वाक्य हे लिहा: 'करदात्याचं अमुक तारखेला निधन झालं असून नोटीस त्यानंतरची आहे, म्हणून ती अवैध असल्याची हरकत नोंदवतो.' दाखला जोडा, सही वारस म्हणून स्वतःची करा. उत्तराची मुदत जवळ आली असेल तर मंजुरीसाठी थांबू नका; हेच पत्र अधिकाऱ्याला ईमेलने आणि कचेरीत देऊन पोच घ्या.

गप्प मात्र बसू नका. नोटीस काढण्याची मुदत शिल्लक असेल तर खातं तुमच्या नावे नवी नोटीस काढू शकतं. बाबा हयात असताना निघालेली नोटीस असती तर ही हरकत चालली नसती. तीच कार्यवाही वारसावर पुढे चालते. आणि कर निघालाच, तर तुमची जबाबदारी बाबांकडून आलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच.