उत्तर: ट्रान्सफॉर्मरचं रेग्युलेशन आणि ओपन सर्किट टेस्ट

> रेग्युलेशन काढताना ओपन सर्किट टेस्टचे आकडे कुठेच वापरले नाहीत. मग ती टेस्ट कशाला?

ती कोअरसाठी. त्यातून मॅग्नेटायझिंग शाखा आणि आयर्न लॉस मिळतो, म्हणजे एफिशियन्सीला लागणारी माहिती. ही शाखा सप्लायला समांतर बसते. तिचा करंट फुल लोडच्या दोन-चार टक्केच असतो, त्यामुळे लीकेज रिअ‍ॅक्टन्सवर तिचा ड्रॉप नगण्य ठरतो. रेग्युलेशन, म्हणजे लोड आल्यावर व्होल्टेज किती टक्के पडतं, ते ठरतं सिरीजमधल्या रेझिस्टन्स आणि लीकेजवर.

आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या शिवारात दिसणारा १०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा डीपी घ्या. समजा, शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये एलव्ही बाजू शॉर्ट करून एचव्ही बाजूला ४९५ व्होल्ट दिल्यावर फुल लोड करंट (५.२५ अँपिअर) आला आणि तिन्ही फेज मिळून १७६० वॅट लागले. मग इम्पीडन्स ४.५%, रेझिस्टन्स १.७६% आणि वर्गमुळातून रिअ‍ॅक्टन्स ४.१४%.

पंपांचा पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग धरला तर १.७६ × ०.८ + ४.१४ × ०.६ = ३.९%, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. त्यातले अडीच टक्के एकट्या लीकेजचे! म्हणूनच पंपांना कपॅसिटर लावा, असं मी कळकळीनं सांगतो. युनिटीला हेच रेग्युलेशन दोन टक्क्यांच्या आत येतं.

एक काळजी घ्या: वाइंडिंग गार असताना टेस्ट केली तर रेझिस्टन्स कमी दिसतो. तो ७५ अंशांवर आणूनच सूत्रात घाला.